करोडगिरीपाशी घ्या

मी शाळेच्या लेकरांची व्हॅन चालवतो. माझा एक नियम हाय, आणि त्या नियमापायी अर्धं गाव माझ्यावर डोळे वटारून असतं. लेकराला घ्यायची जागा बदलायची असंल तर आईनं नाहीतर बापानं मला स्वतःच्या तोंडानं सांगायचं. फोन करा, व्हॉट्सॲपवर बोलून पाठवा, पण आवाज मला वळखू आला पाहिजे. चुलता, आत्या, शेजारी, कुणी का असंना, त्यांच्या सांगण्यावर मी गाडी इकडची तिकडं करत न्हाई. मागं तालुक्याला एका ड्रायव्हरनं मामाचं ऐकलं आणि पोरगं भलत्याच चौकात उतरवलं. घरात नवरा-बायकोचं भांडण चाललेलं, पोरगं गेलं मामाबरोबर आणि ड्रायव्हर बसला पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर. तेव्हापास्नं मी कानाला खडा लावला.

तर त्या दिवशी संध्याकाळी मी व्हॅन धूत व्हतो आणि जानकीबाई आली. हाताला नात, शिवकन्या. दुसरीतली पोर, शाळेतनं येऊन अजून युनिफॉर्म सुद्धा काढला नव्हता तिनं.

"मन्मथप्पा, उद्या हिला वेशीत घेऊ नको. करोडगिरीपाशी घे," म्हातारी म्हणली.

"कावून?"

"घे म्हणलं की घ्यायचं. कावून कशाला पायजे तुला?"

"पायजे. वेस तुमच्या दारातनं दिसती. करोडगिरीचं नाकं पार रोडवर. एवढ्या थंडीत लेकराला तिथवर कशाला चालवता?"

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, मग नातीकडं बघितलं, आणि वठ घट्ट मिटले. काहीतरी सांगायचं व्हतं तिला, पण पोरीदेखत सांगता येईना. मला काय स्वप्न पडतंय व्हय? मी आपला माझा नियम सांगितला. पोरीच्या बापाचा, सुग्रीवचा, नाहीतर आईचा, अयोध्याचा, निरोप आला तर घेतो, नाहीतर वेशीतच.

"जळली तुझी व्हॅन!" म्हणली जानकीबाई. "पोरीचे आईबाप तिकडं कर्नाटकात ऊस तोडायलेत, ते काय तुझ्या दारात येऊन पाया पडतेन?"

"फोन हाय की त्यांच्याकडं."

"हाय! तुझ्यासारखं दिवसभर बोट फिरवत बसायला हाय!"

आणि पोरीला वढत निघून गेली. माझी बायको नीलम्मा ओट्यावर ज्वारी पाखडत बसलेली. ती म्हणली, "म्हातारीला येवढं तोडून बोलायची काय गरज व्हती?" मी म्हणलं, तुला कळत न्हाई त्यात बोलू नको. तिनं सूप असं आपटलं की सगळा भुसा माझ्या धुतलेल्या काचेवर आला.

दिवेलागणीला मेसेज आला. अयोध्याचाच. नंबर माझ्याकडं व्हता, आवाज तर मी कुठंबी वळखला असता, कारण दसऱ्याआधी रोज वेशीत तीच पोरीला गाडीत बसवायची आणि रोज तेच सांगायची, अप्पा, खिडकीची कडी लावली का? मी कान लावून ऐकलं. मागं कुणीतरी भांडी घासत व्हतं, बायांचा गलका व्हता.

"अप्पा, मी अयोध्या बोलते, शिवकन्याची आई. आत्याबाईचा, माझ्या सासूचा, फोन आलता, तुमी ऐकत न्हाई म्हणून. तुमचं बी बरोबर हाय. तर मी सांगते, उद्याच्याला शिवकन्याला वेशीत घेऊ नका, करोडगिरीपाशी घ्या. आत्याबाई आणून सोडतेन. हिकडचा ऊस सरला अप्पा, टोळी नगरकडं हलवली. आज रातच्याला निघतो, सकाळी आमचा टरक आपल्याच रोडनं जानार हाय. थांबनार न्हाई. मुकादम गावाजवळ टरक थांबूच देत न्हाई, माणसं उतरून घरी जातेत म्हणतो. पर करोडगिरीपाशी गतिरोधक हाय, तिथं हळू व्हतो. तेवढ्यात बघून घेते मी तिला. नुसतं बघते."

मग भांड्यांचा आवाज लांब गेला, ती उठून बाजूला आली असंल.

"आन अप्पा, तिला सांगू नका. दसऱ्याला आमी निघालो तवा टरकामागं पळली, रोडवर पडली, गुडघे फोडून घेतले. किती दिवस ताप उतरला न्हाई म्हणं. आता कुठं जरा रुळली हाय. मी तोंडाला बांधून बसते, वळखायची न्हाई ती. तुमी तिला फकस्त रोडच्या बाजूला उभी करा. आन कानटोपी काढायला लावा. तोंड दिसलं पायजे मला."

नीलम्मानंबी ऐकलं. ती उठली आणि फडकं घेऊन गाडीच्या काचेवरचा भुसा पुसाय लागली. मी लगेच बोलून पाठवलं, "घेतो करोडगिरीपाशी. काळजी करू नको, माय."

करोडगिरी म्हणजे रोडवरचं जुनं दगडी नाकं. निजामाच्या राज्यात मालाच्या गाड्या तिथं अडवून जकात घ्यायचे. माझा आजा सांगायचा, शिपाई कसे पोत्यात सळई खुपसून बघायचे आणि गाडीवान उन्हात बसून कंटाळायचे. निजाम गेला, शिपाई गेले, छप्पर गेलं. भिंती आणि एक बसायचा ओटा तेवढा राहिलाय आणि नाव राहिलंय. तिथनं आमच्या गावाकडं रस्ता फुटतो, म्हणून पुढं गतिरोधक टाकलाय.

सकाळी मी वेशीतली लेकरं गाडीत भरली आणि करोडगिरीला आलो तर म्हातारी आणि नात येऊन बसलेल्या. वारं असं व्हतं की डोळ्यातनं पाणी यावं. शिवकन्याच्या अंगात मरून स्वेटर, डोक्याला कानटोपी. पण टोपीच्या खालनं दोन वेण्या, लाल फिती, केसाला तेल चपचपून लावलेलं आणि डोळ्यात काजळ. जानकीबाईनं पोरीला लग्नाला निघाल्यासारखं नटवलं व्हतं.

"अप्पा, आज इथं कावून?" शिवकन्यानं मलाच विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत म्हातारी म्हणली, "वेशीत पाइपासाठी खांदलंय, गाडी येत न्हाई."

गाडीतनं सगळी लेकरं वरडली, "न्हाई खांदलं! आमी तिथंच बसलो की!"

जानकीबाईनं असं बघितलं की लेकरं गप. पण शिवकन्या आजीकडं बघत राहिली. पोरगी हुशार हाय, त्यात काही शंका न्हाई.

रोड मोकळा व्हता. ट्रकाचा पत्ता न्हाई. मी अयोध्याला फोन लावला तर बंद. आता रोज मी इथं गाडी वळवतो आणि निघतो, उभं राहायचं म्हणलं तर कारण पायजे. मग मी खाली उतरलो, मागच्या टायरला लाथ मारली आणि म्हणलं, "हवा कमी वाटती." जॅक काढला, खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला. लेकरं उतरली. म्हणलं उतरा, पण रोडवर जायचं न्हाई, नाक्याच्या भिंतीला धरून उभं राहा. शिवकन्याला म्हणलं, "तू इकडं उभी ऱ्हा, माय, ओट्यावर. आणि ती टोपी काढ."

"थंडी वाजती की."

"वेण्या एवढ्या छान घातल्यात आजीनं, कुणी बघायच्या?"

तिनं टोपी काढली. कान लगेच लाल झाले. मला लई वाईट वाटलं, पण करू काय?

तेवढ्यात मोटारसायकल आली. मोहनराव. दूध घालून येत व्हते. त्यांचा पोरगा माझ्याच गाडीत, आणि पालकांच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त बोटं त्यांचीच चालतात.

"अप्पा, काय चाललंय हे? आज चाचणी हाय पोरांची. गेट बंद झाल्यावर घेणार हायेत का आत?"

"टायरात हवा न्हाई."

मोहनराव उतरले, टायरला हात लावला. "दगडासारखं हाय की टायर! पैलवानाच्या दंडासारखं! कुणाला येड्यात काढायलात?"

"मग तुमी न्या मोटारसायकलवर तुमचं पोरगं!"

"पैसे कशाचे घेता मग?"

मला बी राग आला. बांधावरनं हाक मारणाऱ्या माणसासारखा मोठ्यानं बोललो मी. मग जानकीबाई उठली आणि दोघांच्या मधी आली. मला वाटलं आता मोहनरावला बोल बोल बोलणार. पण तिनं त्यांची बाही धरली, भिंतीच्या पलीकडं घेऊन गेली आणि काय सांगायचं ते हळू सांगितलं. मी बघत व्हतो. मोहनरावच्या मानेचा ताठा हळूहळू गेला. परत आले ते सरळ टायरापाशी उकिडवे बसले, टायर दाबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणले, "आयला, हवा लईच कमी हाय राव. असं न्यायचं न्हाई लेकरांना." मग शाळेत कुणालातरी फोन लावला. "सर, गाडी पंक्चर हाय. मी स्वतः इथंच उभा हाय. लेकरांना जरा उशीर व्हईल, आत घ्या."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडं बघेनात.

एक ट्रक आला, पण तो सिमेंटचा. मग एक एसटी गेली. जानकीबाई ओठातल्या ओठात देवाचं नाव घेत व्हती. मला वाटाय लागलं, गेला असंल ट्रक अंधारातच. नाहीतर दुसऱ्या रोडनं घातला असंल मुकादमानं. माणसानं रातभर थंडीत जागायचं, एका गतिरोधकासाठी, आणि तो बी चुकायचा? माझी काय कुणी नव्हती अयोध्या, पण त्या वेळेला मला असं झालं की ट्रक आला न्हाई तर मीच गाडी काढून त्याच्या मागं जाईन.

मग अहमदपूरकडच्या चढावर तो दिसला. पत्रे, बांबू, भांड्याची पोती, त्याच्यावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर माणसं. बाया कडेला बसलेल्या, डोक्याला आणि तोंडाला फडकी बांधलेली, नुसते डोळे उघडे. सगळ्या सारख्याच दिसत व्हत्या. त्यातली आपली कोणती, मला बी कळंना. जानकीबाई भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तिला सुद्धा बघवंना.

"शिवकन्या, माय, इकडं बघ, रोडकडं," मी म्हणलं. "बघ किती माणसं बसलेत वर."

ट्रक गतिरोधकावर आला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, पुढची चाकं चढली, सगळं सामान खडखडलं. लेकरांना काय, ट्रक दिसला की हात करायचा. सगळी वरडली, टाटा, टाटा! वरच्या बायांनी बी हात केले. दोन पोरं व्हती वर तीबी हसली. शिवकन्यानं बी हात वर केला.

कडेला एक बाई बसलेली. तिनं तेवढा हात केला न्हाई. दोन्ही हात पोटाशी घेतलेले, एका हातानं दुसरा धरलेला. तिचे डोळे कुठंच हालत नव्हते. मी इतकी वर्षं गाडी चालवतो, माणसं सोडतो, माणसं आणतो, पण असं बघताना कुणाला बघितलं न्हाई. जणू पोरीला डोळ्यांनी उचलून घेत व्हती.

मागची चाकं चढली, उतरली. ड्रायव्हरनं गिअर टाकला. धूर झाला. ट्रक अंबाजोगाईच्या वळणाला लागला आणि ती बाई मान वळवून वळवून बघत राहिली, मग ताडपत्री आडवी आली.

शिवकन्याचा हात अजून वरच व्हता. मग तिनं हळूच खाली घेतला आणि कानटोपी घातली.

"चला, भरली हवा," मोहनराव म्हणले आणि नाक शिंकरत मोटारसायकलला किक मारली. जानकीबाई गावाकडं निघाली. एकदा बी मागं वळली न्हाई.

शाळेपर्यंत गाडीत गोंधळ चाललेला, पण शिवकन्या खिडकीपाशी गप. शाळेत सरांनी आत घेतलं लेकरांना, मोहनरावचा फोन कामाला आला. सगळी पळाली. ही मागं राहिली. दप्तराचा बंद धरून दरवाज्यात उभी.

"अप्पा," ती म्हणली, "आईला सांगू नका."

"काय सांगू नको?"

"मी वळखलं म्हणून."

मी आपलं मोठ्या माणसासारखं खोटं बोललो, "कुठं व्हती तुझी आई? ती तर कर्नाटकात हाय."

"सगळ्या बायांनी हात केला. तिनं एकटीनंच न्हाई केला." पोर माझ्याकडं बघत नव्हती, गाडीच्या पायरीकडं बघत व्हती. "आन आजीनं काजळ घातलं. ती फकस्त आई घरी असल्यावरच मला काजळ घालू देती."

"मग हाक का न्हाई मारलीस, माय?"

"टरक थांबत न्हाई. मी हाक मारली असती तर ती रडली असती आन मग नगरपर्यंत रडतच गेली असती." तिनं नाक वर वढलं. "मागल्या टायमाला मी पळले तर बाबा म्हणले, तुझी आई दोन दिवस जेवली न्हाई. म्हणून न्हाई पळले. तुमी सांगू नका, अप्पा. शपथ घ्या."

मी शपथ घेतली. दुसरं काय करणार? एवढंसं लेकरू, त्याच्या गुडघ्यावर अजून वण, आणि ते मला सांगतंय आईला कसं जपायचं. ती वर्गाकडं गेली. मी गाडीत बसलो आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. सांगायला लाज कशाची? रडलो.

दुपारी घरी जेवायला बसलो तर फोन वाजला. अयोध्या. मागं ट्रकाचा आवाज, कुठंतरी पंपावर थांबले व्हते.

"अप्पा, दिसली हो मला! लई उंच झाली. वेण्या घातल्या व्हत्या. आन काजळ. स्वेटर आखूड झालाय का तिला हातात?"

"व्हय, जरासा."

"हाताची बोटं लाल पडली व्हती थंडीनं. मी बघितली. टोपी तुमी काढायला लावली, मला कळलं. लई उपकार झाले, अप्पा."

"उपकार कशाचे? तू सांगितलं तसं केलं."

ती जरा थांबली. "आन अप्पा... तिनं मला वळखलं न्हाई ना?"

नीलम्मा ताटात भाकरी घालता घालता थांबली. मी शपथेचा माणूस. मी म्हणलं, "न्हाई. न्हाई वळखलं."

"बरं झालं," अयोध्या म्हणली. "लई बरं झालं. मी तेच म्हणत व्हते. वळखलं असतं तर पुना ताप भरला असता."

मला वाटलं बोलणं सरलं. मी फोन कानावरनं काढणार, तेवढ्यात तिनं विचारलं, एकदम बारीक आवाजात.

"थोडं बी न्हाई का, अप्पा?"

आता तुमीच सांगा, माणसानं काय करावं? आईला लेकराचा ताप नको म्हणून तिनं तोंड बांधलं. आणि आता तेच तोंड लेकरानं वळखलं न्हाई म्हणून तिचा जीव तुटतोय. मला राग आला. कशाचा ते माहीत न्हाई. ऊसाचा, मुकादमाचा, त्या न थांबणाऱ्या ट्रकाचा, माझ्या स्वतःच्या शपथेचा.

"वळखलं!" मी वरडलोच. "वळखलं, माय! तुझ्या पोरीनं तुला फडक्यासकट वळखलं! सगळ्या बायांत एकटीनं हात केला न्हाई ती माझी आई, म्हणली. आन तू रडशील म्हणून हाक मारली न्हाई. मला शपथ घातली, सांगू नका म्हणून. मोडली मी शपथ, काय व्हायचं ते हू दे!"

मग फोन तोंडापासनं लांब गेला आणि ती ट्रकावरच्या माणसांना वरडून सांगतीय ते मला ऐकू आलं. "अवं, वळखलं! शिऊनं मला वळखलं! ऐकलं का, वळखलं तिनं मला!" सुग्रीव काहीतरी म्हणला, बाया हसल्या का रडल्या कळलं न्हाई. नीलम्मानं पदर डोळ्याला लावला. माझी भाकरी तशीच राहिली.

बऱ्याच वेळानं फोन परत तोंडाशी आला. नाक वढलं तिनं, अगदी पोरीसारखं.

"अप्पा, ती रडली का?"

"न्हाई. हात वर करून उभी व्हती, ट्रक जाईस्तोवर."

"ते बघितलं मी," ती म्हणली. मग ट्रकाचा हॉर्न वाजला, कुणीतरी तिला हाक मारली, आणि ती घाईनं बोलली. "अप्पा, उद्यापास्नं तिला वेशीतच घ्या. करोडगिरीपाशी वारं लई हाय. मला वरनं सुद्धा लागलं."

"घेतो," मी म्हणलं. "वेशीतच घेतो."